दोन लाखांचं बिल पावणेतीन लाखांच्या वर कसं गेलं: को-टर्म आणि प्रो-राटा हिशोबाचा माझा अनुभव

आमची एसी दुरुस्तीची आणि सर्व्हिसिंगची कंपनी आहे, पुण्यात. ग्राहकांच्या तक्रारी घ्यायच्या, टेक्निशियनला पाठवायचं, काम झालं की तक्रार बंद करायची, हे सगळं एका सॉफ्टवेअरवर चालतं आणि ते वर्षाच्या करारावर प्रति युजर घेतलेलं आहे. मी परचेस बघतो, म्हणजे करार आला की वाचायचा, पीओ म्हणजे परचेस ऑर्डरचा कागद काढायचा, बिल तपासून अकाउंट्सकडे द्यायचं. हे लिहितोय ते २०२४ च्या फेब्रुवारीतल्या एका बिलाबद्दल, कारण त्या एका बिलाने मला वर्षभर कामाला लावलं आणि त्यातून जे कळलं ते मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं असं वाटतं.

मूळ करार असा होता: १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४, ८० युजर, लिस्ट प्राइस वर्षाला २४,००० रुपये प्रति युजर, पण आम्ही भाव करून १८,००० वर आणला होता. म्हणजे १४,४०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. पैसे एकरकमी आगाऊ दिलेले. इथपर्यंत सगळं सरळ.

जानेवारीत आमच्या सर्व्हिस हेडनी सांगितलं की उन्हाळ्यासाठी कॉल घ्यायला १५ माणसं जास्त लागणार, फेब्रुवारीच्या मध्यापासून. एसीच्या धंद्यात मार्च ते जून म्हणजे आमची दिवाळी, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. विक्रेत्याने एक पानी ऑर्डर फॉर्म पाठवला, सर्व्हिस हेडनी १२ फेब्रुवारीला ऑनलाइन सही केली, त्याच दिवशी दुपारी सीट, म्हणजे त्या युजरची लायसन्स, चालू झाल्या आणि माणसं कामाला लागली. माझ्याकडे काहीच आलं नाही, पीओसुद्धा नाही. २८ तारखेच्या बिलाची पीडीएफ २९ ला माझ्या मेलवर आली आणि त्यावर होतं २,४०,००० अधिक ४३,२०० आयजीएसटी (विक्रेता बंगळुरूचा म्हणून आयजीएसटी), एकूण २,८३,२००.

सर्व्हिस हेडना फोन केला तर म्हणाले, "अरे, मला त्यांनी सांगितलं सप्टेंबरपर्यंतचेच पैसे लागतील, दीड-पावणेदोन लाख होतील फार तर." मी म्हणलं, "सर, फॉर्म पाठवा, बघतो."

फॉर्मवर तीन गोष्टी होत्या ज्या मी नंतर कितीतरी वेळा वाचल्या. एक, वाढीव १५ युजर मूळ करारासोबत को-टर्म होतील, म्हणजे त्यांची मुदत मूळ कराराच्याच दिवशी, ३० सप्टेंबर २०२४ ला संपेल. दोन, सुरुवात १ फेब्रुवारी किंवा सीट चालू झाल्याचा दिवस, यातलं जे नंतर असेल ते. तीन, दर मूळ ऑर्डर फॉर्मप्रमाणे, रक्कम उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात, म्हणजे प्रो-राटा. आणि एकूण रकमेच्या रकान्यात आकडाच नव्हता, नुसतं लिहिलेलं की बिलात येईल. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ हा रिकामा रकाना. तिथे आकडा असता तर सही करण्याआधीच कोणीतरी विचारलं असतं.

आता को-टर्म का करतात हे आधी सांगतो, कारण आमच्याच अकाउंट्सच्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला, की १५ सीटचं सरळ वर्षभराचं वेगळं बिल का नको. वेगळं घेतलं असतं तर त्या १५ सीट ११ फेब्रुवारी २०२५ ला संपल्या असत्या आणि मूळच्या ८० सीट ३० सप्टेंबरला. मग वर्षातून दोनदा रिन्युअल, दोनदा भाव, दोन पीओ, आणि पुढे अजून पाच-दहा सीट घेतल्या की तिसरी तारीख. मी एका जुन्या नोकरीत एकाच सॉफ्टवेअरच्या सात वेगवेगळ्या संपायच्या तारखा बघितल्यात, तिथे दर दीड-दोन महिन्यांनी काहीतरी संपत असायचं आणि कधीच सगळ्याचा एकत्र भाव करता यायचा नाही, कारण टेबलावर एका वेळी दहा-बारा सीटच असायच्या. एकच तारीख असली की ९५ सीट एकदम घेऊन बसता येतं. त्यामुळे को-टर्म ही चांगलीच गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात अजिबात नाही. पण को-टर्म केलं की पहिलं बिल अर्धवट मुदतीचं येतं आणि त्या अर्धवट मुदतीचा हिशोब कसा करायचा हे जर कुठे लिहिलेलं नसेल तर तो ज्याचं बिलिंग सॉफ्टवेअर त्याच्या सोयीने होतो.

मी शांतपणे एक्सेल उघडलं. १२ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर किती दिवस? फेब्रुवारीचे १८ (२०२४ लीप वर्ष, २९ चा महिना), मार्च ३१, एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१, सप्टेंबर ३०. बेरीज २३२. एक्सेलमध्ये नुसती एका तारखेतून दुसरी वजा केली तर २३१ येतात, कारण पहिला दिवस धरला जात नाही, म्हणून शेवटी एक मिळवायचा. करारात दोन्ही दिवस धरून मुदत लिहिलेली असते, १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर म्हणजे पूर्ण वर्ष, त्यामुळे दोन्ही दिवस मोजायचेच. आणि आमच्या करारवर्षात २९ फेब्रुवारी आला म्हणून ते वर्ष ३६६ दिवसांचं.

```
=18000*15*(DATE(2024,9,30)-DATE(2024,2,12)+1)/366
```

उत्तर १,७१,१४७.५४. जीएसटी धरून २,०१,९५४.१०. आणि बिल होतं २,८३,२०० चं. म्हणजे कराच्या आधीच ६८,८५२ रुपयांचा फरक.

इथे माझा पहिला विचार होता की सरळ मेल टाकावा, तुमचं बिल चुकलंय, दुरुस्त करा. पण मागे असं केल्यावर काय होतं ते बघितलंय, समोरून उत्तर येतं की आमच्या सिस्टिमने काढलंय, बरोबर आहे, आणि मग दोघं आपापला आकडा धरून बसतात. म्हणून मी त्यांचा २,४०,००० कसा आला असेल ते आधी शोधायचं ठरवलं. १५ ने भागलं, १६,००० प्रति युजर. १६,००० ला २४,००० ने भागलं तर बरोबर दोन तृतीयांश, म्हणजे १२ पैकी ८ महिने. झालं, सापडलं. त्यांनी लिस्ट प्राइस लावली होती आणि फेब्रुवारी ते सप्टेंबर असे आठ पूर्ण महिने धरले होते.

कुठल्याही प्रो-राटा बिलाला हे करून बघावं असं मी आता सगळ्यांना सांगतो. एका युजरची रक्कम काढायची, तिला वर्षाच्या दराने भागायचं, जो अपूर्णांक येतो तो बाराव्या भागात स्वच्छ बसला तर हिशोब महिन्यांचा, ३६५ किंवा ३६६ ने गुणून पूर्ण दिवस आले तर हिशोब दिवसांचा. कशातच बसला नाही तर बहुतेक वेळा दर वेगळा लावलेला असतो, मग लिस्ट प्राइसने परत करून बघायचं.

मग फरक फोडला. लिस्ट प्राइसमुळे २,४०,००० वजा १,८०,००० म्हणजे ६०,०००, हा मोठा तुकडा. सुरुवात १२ ऐवजी १ फेब्रुवारी धरल्यामुळे ११ दिवस जास्त, त्याचे साधारण ८,११५. आणि दिवसांऐवजी पूर्ण महिने मोजल्यामुळे साधारण ७३८. हा शेवटचा आकडा बघून मला स्वतःला आश्चर्य वाटलं, कारण मी सगळा दोष महिन्यांच्या हिशोबालाच देत होतो आणि प्रत्यक्षात तो फरक किरकोळ निघाला. पण तो किरकोळ निघाला कारण त्यांनी धरलेली सुरुवात १ तारीख होती. समजा सुरुवात २६ फेब्रुवारी असती आणि त्यांनी फेब्रुवारी पूर्ण धरला असता तर चार दिवसांसाठी अख्ख्या महिन्याचे पैसे गेले असते. महिन्यांचा हिशोब असेल तर सीट महिन्याच्या शेवटी चालू करूच नयेत, दोन-चार दिवस थांबता येत असेल तर १ तारखेला कराव्यात. दिवसांचा हिशोब असेल तर थांबायची गरज नाही. ऑनलाइन कार्डावर चालणाऱ्या सबस्क्रिप्शनमध्ये तर याच्याही पुढे जातं, स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट सेवेत मुळातलं सेटिंग सेकंदावर हिशोब करतं. म्हणजे पद्धत एक नाहीच, करारात लिहिली असेल तीच खरी.

दुसऱ्या दिवशी फोन लावला. त्यांचा सेल्सवाला तरुण मुलगा होता, वागायला चांगला. म्हणाला, "सर, तो पंचवीस टक्के डिस्काउंट पहिल्या ऑर्डरसाठी मॅनेजरनी खास मंजूर केला होता, ॲड-ऑनला तो आपोआप लागत नाही." मी म्हणलं, "दादा, तुमच्याच मूळ ऑर्डर फॉर्मच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की मुदतीत वाढवलेल्या युजरना हाच प्रति युजर दर राहील. ते वाचून बघता का, मी फोनवर थांबतो." दोन मिनिटं शांतता, मग म्हणाला, "बरोबर आहे सर, मी फायनान्सशी बोलतो."

ते एक वाक्य मूळ करारात नसतं तर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. डिस्काउंट हा बऱ्याचदा त्या ऑर्डरपुरताच असतो, वाढीव सीटना लागेलच असं नाही. आणि पहिल्या खरेदीच्या वेळी ते वाक्य घालून घेणं सोपं असतं कारण तेव्हा समोरच्याला ऑर्डर हवी असते, वर्षाच्या मध्ये माणसं कामावर बसलेली असताना भाव करायला आपल्या हातात फारसं काही राहत नाही.

सुरुवातीच्या तारखेसाठी पुरावा लागला. त्यांच्या फायनान्सने विचारलं की सीट १२ लाच चालू झाल्या कशावरून, कारण त्यांच्या फॉर्मच्या वरच्या चौकटीत १ फेब्रुवारी छापलेलं होतं (फॉर्म जानेवारीत बनवलेला, सही व्हायला उशीर झाला, वरची तारीख कोणी बदललीच नाही आणि बिलिंगवाल्याने वरचीच उचलली). आमच्या आयटीच्या मुलाने ॲडमिन पॅनलमधला लॉग काढून दिला, त्यात लायसन्सची संख्या ८० ची ९५ झाल्याची तारीख आणि वेळ होती, १२ फेब्रुवारी दुपारी. शिवाय सीट चालू झाल्या असा त्यांचाच मेल. एवढं पुरलं. तेव्हापासून सीट वाढल्या की मी त्याच दिवशी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून फोल्डरमध्ये टाकतो, कारण काही ठिकाणी लॉग ठराविक दिवसांनी पुसला जातो आणि मग आपल्याकडे काही राहत नाही.

शेवटी एक मुद्दा उरला, ३६५ की ३६६. त्यांचं सॉफ्टवेअर नेहमी ३६५ ने भागतं. त्यांच्या हिशोबाने १,७१,६१६.४४ येत होते, माझ्या हिशोबाने १,७१,१४७.५४, फरक ४६९ रुपये. मी त्यांना एवढंच लिहिलं की या हिशोबाने एखाद्याने १ ऑक्टोबरलाच सीट घेतली तर त्याला ३६६ दिवसांचे १८,०४९ रुपये पडतील, म्हणजे वर्षाच्या दरापेक्षा जास्त, हे बरोबर दिसत नाही. त्यांनी मान्य केलं की मुद्दा रास्त आहे पण सिस्टिम बदलता येत नाही, आणि आमच्या करारात भागाकार कशाने करायचा ते लिहिलेलं नव्हतं. मी सोडून दिलं. ४६९ रुपयांसाठी मार्चमध्ये अजून दोन आठवडे घालवणं मला पटलं नाही, पुढच्या करारात लिहून घेऊ म्हणलं.

आता बिल दुरुस्त कसं होणार. मला वाटत होतं ते जुनं बिल रद्द करून नवीन पाठवतील. आमच्या मॅडम म्हणाल्या, "तसं नाही होत, ई-इन्व्हॉइस आहे ना, पोर्टलवर चोवीस तासांच्या आतच रद्द करता येतं, नंतर क्रेडिट नोटच लागते, जुन्या बिलाची रक्कम वजा करणारा कागद." बिल २८ फेब्रुवारीचं, आम्ही बोलायला लागलो तेव्हा चोवीस तास होऊन गेले होते. त्यांनी मग मार्चमध्ये पूर्ण २,८३,२०० ची क्रेडिट नोट आणि १,७१,६१६.४४ अधिक ३०,८९०.९६ जीएसटी, म्हणजे २,०२,५०७.४० चं नवं बिल दिलं. मला नुसत्या फरकाची क्रेडिट नोटसुद्धा चालली असती पण मॅडमनी पूर्णच मागायला लावली, त्यांचं म्हणणं की नव्या बिलावर बरोबर दर आणि बरोबर तारखा छापून आल्या पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी ऑडिटरला समजावत बसावं लागेल. त्या किती बरोबर होत्या ते जुलैत कळलं.

दरम्यान आमच्या सर्व्हिस हेडनी सुचवलेलं की वादाचे पैसे कापून बाकीचे भरून टाका. हे मॅडमनी होऊ दिलं नाही आणि मलाही आता तेच बरोबर वाटतं. जुन्या बिलाचा ४३,२०० कर आमच्या फेब्रुवारीच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, दिसत होता, तो सरळ क्रेडिट म्हणून घेतला असता आणि पैसे मात्र कमी भरले असते तर पुस्तकात एक आणि पोर्टलवर एक असं झालं असतं. टीडीएसचंही तसंच, तो जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर कराशिवायच्या रकमेवर कापायचा असतो, पण कुठल्या रकमेवर, २,४०,००० की १,७१,६१६? चुकीच्या बिलाची एंट्री केली की तो चुकीच्या रकमेवर कापला जातो. म्हणून बिल होल्डवर ठेवलं, विक्रेत्याला तसं मेलने कळवलं, आणि क्रेडिट नोट व नवं बिल हातात आल्यावर सगळ्याच्या एंट्र्या आणि पेमेंट केलं. होल्डचा मेल मुद्दाम लगेच पाठवला होता, कारण न कळवता पैसे थांबवले तर थकबाकी म्हणून अकाउंट बंद करायचा हक्क त्यांना करारात असतो आणि उन्हाळ्यात ते परवडलं नसतं.

मार्चअखेर त्या बिलाची विभागणी झाली. २३२ पैकी ४९ दिवस (१२ फेब्रुवारी ते ३१ मार्च) या आर्थिक वर्षात, १८३ दिवस पुढच्या. म्हणजे ३६,२४६.५८ यंदाचा खर्च आणि १,३५,३६९.८६ प्रीपेड. हे काम मॅडमनी पाच मिनिटांत केलं, त्यात सांगण्यासारखं फार काही नाही, फक्त एवढंच की बिलावर सेवेचा कालावधी नीट छापलेला नसता तर ही विभागणी अंदाजाने करावी लागली असती.

मला वाटलं विषय संपला. जुलैत रिन्युअलचं कोटेशन आलं आणि परत सगळं उघडावं लागलं.

आधी बजेटची गोष्ट. फायनान्सने पुढच्या वर्षाचं बजेट काढताना गेल्या वर्षी या सॉफ्टवेअरवर किती दिले ते बघितलं, १४,४०,००० आणि १,७१,६१६, मिळून १६,११,६१६, त्यावर थोडी वाढ धरून आकडा ठेवला. पण ते पावणेदोन लाख साडेसात महिन्यांचे होते! त्या १५ सीटचं पूर्ण वर्ष २,७०,००० चं. म्हणजे भाव एक रुपयाही वाढला नाही तरी ९५ सीटचे १७,१०,००० होणार, आणि आमच्या करारात रिन्युअलला सात टक्के वाढ लिहिलेली होती, म्हणजे १९,२६० दराने १८,२९,७००. गेल्या वर्षीच्या खर्चापेक्षा दोन लाख अठरा हजार जास्त. साहेबांनी विचारलं, "एका वर्षात एवढं कसं वाढलं?" त्यातले जवळपास एक लाख तर वाढलेलेच नव्हते, ते गेल्या वर्षी अर्धवट दिसत होते एवढंच. तेव्हापासून मी प्रो-राटा बिलाच्या पीओवर दोन आकडे लिहितो, या वेळी देय रक्कम आणि पूर्ण वर्षाची रक्कम, आणि बजेटला दुसराच आकडा पाठवतो.

पण कोटेशन १८,२९,७०० चं नव्हतंच, १९,२६,००० चं होतं. दोन ओळी होत्या, ८० युजर १९,२६० ने आणि १५ युजर २५,६८० ने. २५,६८० म्हणजे २४,००० अधिक सात टक्के. मार्चमध्ये बिल दुरुस्त झालं होतं, पण त्यांच्या विक्रीच्या सिस्टिममध्ये त्या १५ सीटची जी नोंद होती ती तशीच राहिली होती, लिस्ट प्राइसवाली. बिलिंगवाल्यांनी क्रेडिट नोट काढली, विक्रीवाल्यांनी सबस्क्रिप्शनची नोंद बदलली नाही, आणि रिन्युअलचं कोटेशन त्या नोंदीवरून आपोआप बनतं. फरक ९६,३०० रुपये, वर्षाला. आणि कोटेशनवर बारीक अक्षरात 'सध्याच्या दरांवर सात टक्के' असं लिहिलेलं, म्हणजे वरवर बघणाऱ्याला टक्का बरोबरच वाटणार.

या वेळी फार बोलावं लागलं नाही. मार्चचं नवं बिल, ज्यावर १८,००० दर आणि १२ फेब्रुवारी ही तारीख स्वच्छ छापलेली होती, ते जोडून पाठवलं, दोन दिवसांत एका ओळीचं कोटेशन आलं, ९५ युजर, १९,२६०. मॅडमना जाऊन सांगितलं की तुम्ही पूर्ण क्रेडिट नोट मागितली म्हणून हे झालं.

रिन्युअलच्या ऑर्डर फॉर्ममध्ये मी चार ओळी घालून घेतल्या. मुदतीत वाढवलेल्या सीटचा दर तोच, हिशोब दिवसांवर आणि भागाकार त्या करारवर्षात जितके दिवस असतील तितक्याने, सुरुवात म्हणजे सीट प्रत्यक्ष चालू झाल्याचा दिवस, आणि प्रत्येक वाढीव ऑर्डरच्या फॉर्मवर एकूण रक्कम सहीच्या आधी लिहिलेली असेल. त्यांनी चारही मान्य केल्या, एकावरही घासाघीस झाली नाही. जुलैअखेर सही झाली.

मग २० ऑगस्टला सर्व्हिस हेड परत आले. दिवाळीपर्यंत ग्राहकांना वार्षिक देखभालीच्या ऑफरचे फोन करायला पाच माणसं घेतलीत, पाच सीट हव्यात. म्हणाले, "काही नाही रे, सप्टेंबरपर्यंतचे दहाएक हजार होतील." हिशोब बरोबर होता, ४२ दिवस, १८,००० ला ३६६ ने भागून ४२ ने आणि ५ ने गुणलं की १०,३२७.८७. बिल जवळपास तेवढंच आलं असतं.

पण को-टर्म केलेली सीट मूळ कराराच्या सगळ्या तारखा घेऊन येते, नुसती संपायची तारीख नाही. आमच्या करारात रिन्युअलला सीट कमी करायच्या असतील तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं होतं, म्हणजे १ ऑगस्टपर्यंत. २० ऑगस्टला घेतलेल्या सीटसाठी ती तारीख जन्माआधीच गेलेली. त्या पाच सीट ३० सप्टेंबरला आपोआप पुढच्या वर्षात गेल्या असत्या, १९,२६० दराने ९६,३००. म्हणजे दहा हजारांच्या बिलावर सही करून आम्ही प्रत्यक्षात एक लाख सहा हजारांना बांधले गेलो असतो, तेही अडीच-तीन महिन्यांच्या कामासाठी. मी हे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवलं तेव्हा ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "हे फॉर्मवर कुठेच दिसत नाही की."

खरंच दिसत नाही. वाढीव ऑर्डरचा फॉर्म एक पानाचा असतो आणि बाकी अटी मूळ कराराप्रमाणे एवढंच म्हणतो. त्यामुळे कळवायच्या तारखेनंतर आणि रिन्युअलच्या आधी अशा मधल्या दोन महिन्यांत काही घ्यायचंच असेल तर त्या सीट आपोआप रिन्यू होणार नाहीत असं फॉर्मवर लिहून मागायचं, किंवा विक्रेता देत असेल तर महिन्याच्या बोलीवर घ्यायच्या, दर जास्त पडला तरी.

आम्हाला दोन्ही करावं लागलं नाही. आयटीच्या मुलाला विचारलं की ९५ पैकी गेल्या तीस दिवसांत कोण कोण लॉगिन झालंय, तर सहा सीटवर जूननंतर कोणीच आलेलं नव्हतं, उन्हाळ्यापुरती घेतलेली माणसं निघून गेली होती आणि त्यांची नावं तशीच राहिली होती. आमच्या करारात सीट माणसाच्या नावाला बांधलेली नाही, एक काढून दुसऱ्याला देता येते. पाच सीट त्याच संध्याकाळी नव्या मुलांना दिल्या, बिल शून्य.

माझ्या मनाला मात्र त्या सहा सीट लागून राहिल्या. हीच यादी मी जुलैत काढली असती तर १ ऑगस्टच्या आत ९५ च्या ८९ करता आल्या असत्या, निदान विचार तरी करता आला असता, आणि मी तेव्हा फक्त दर तपासत बसलो, संख्या तपासलीच नाही. सहा सीटचे वर्षाचे १,१५,५६० होतात. त्यातल्या पाच पुढे कामाला आल्या हे खरं, पण ते आम्हाला जुलैत माहीत नव्हतं. आता कॅलेंडरमध्ये दरवर्षीच्या १ जुलैला नोंद आहे, लॉगिनची यादी काढून सर्व्हिस हेडबरोबर बसायचं, आणि त्या दिवसापासून ३० सप्टेंबरपर्यंत वाढीव सीटचा कुठलाही फॉर्म माझ्याकडून गेल्याशिवाय सही होत नाही.